शून्याच्या किती वर?

निव्वळ वर्तमान मूल्य शून्याहून अधिक असले की प्रकल्प मंजूर, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ‘अधिक’ म्हणजे किती, याचे उत्तर मी अंदाजाच्या चुकीत शोधतो.

दहा कोटींचे शीतगृह घ्या. आयुष्य १० वर्षे, कसर १२ टक्के. वार्षिक भाडे चार कोटी, वीज-पगारादी खर्च २.०५ कोटी, उरले १.९५ कोटी. या दराने १० वर्षे दरसाल मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत ५.६५ रुपये. म्हणजे सुमारे ११.०२ कोटी, गुंतवणूक वजा जाता १.०२ कोटी, दहा टक्के. आकडा भरघोस वाटतो. पण खर्च बहुतांश स्थिर असल्याने भाडे १८ लाखांनी, म्हणजे साडेचार टक्क्यांनीच घटले की सारे मूल्य संपते.

म्हणून सर्वांना लागू पडेल अशी टक्केवारी मी देत नाही. संस्थेचे जुने प्रस्ताव काढून अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पन्न ताडून पाहावे. तूट साधारण दहा टक्के निघाली, तर हे शीतगृह शून्यावर तरायलाही अंदाज सव्वाचार कोटींचा हवा. तेव्हा कागदावरचे मूल्य सुमारे २.४ कोटी, गुंतवणुकीच्या चोवीस टक्के असते. त्यातही फक्त मंजूर प्रस्ताव पाहावेत; फुगवलेले अंदाजच चाळणीतून अधिक पार होतात. ही सूट धरल्यावर त्याच भीतीपोटी कसरीचा दरही वाढवू नये, नाहीतर एकच जोखीम दोनदा वजा होते.