गाडी बघण्याआधी फेऱ्यांची वही

गाडी घ्यायचं ठरलं की घरातलं बोलणं बहुधा दिवाळीपासून सुरू होतं. सगळे मिळून पुण्याला जाताना किती अडचण होते, सामान कुठे ठेवायचं, आजींचे पाय किती अवघडतात. हे प्रवास आठवणीत ठसठशीत असतात, म्हणून गाडीही त्यांच्याच मापाची बघितली जाते. रोज सकाळी एकट्यानं कारखान्यात जाणं मात्र कुणाच्या आठवणीत राहत नाही, आणि गाडी वर्षभर वापरली जाणार ती त्यासाठीच. म्हणून शोरूमला जाण्यापूर्वी चार आठवडे एक साधी वही ठेवावी.

वहीचा नियम एकच आहे, एका फेरीला एक ओळ. घरून दवाखान्यात गेलं की एक ओळ आणि परत आलं की दुसरी. मुलाला क्लासला सोडून रिकामं परत यायचं आणि पुन्हा आणायला जायचं, तर त्या चार ओळी होतात. आठवणीतून लिहिणारा इथे हमखास दोनच धरतो. प्रत्येक ओळीत कुठून कुठे, किती किलोमीटर, एका वेळी जास्तीत जास्त किती जण, बरोबर काय सामान आणि सध्या कशानं गेलो, एवढं लिहायचं. सहावा रकाना तिथे गाडी कुठे लावता येईल याचा, आणि सातवा, ही फेरी पुढे खरोखर गाडीनं करणार का याचा. ओळ त्याच रात्री लिहावी. रविवारी बसून आठवडाभराचं लिहिलं की लहान फेऱ्या गळतात. मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी यासाठी निवडू नये. वर्षाकाठच्या मोठ्या प्रवासांची यादी मागच्या पानावर वेगळी करावी. टुरिस्ट गाडीवाल्याला यूपीआयनं दिलेले पैसे फोनमध्ये सापडतात, तारखा तिथून मिळतात.

समजा, नाशिकचं सहा जणांचं घर आहे. आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं. सगळे मावले पाहिजेत म्हणून मनात सात आसनांची गाडी आहे. चार आठवड्यांनी वहीत 74 ओळी भरल्या. त्यातल्या 44 नवऱ्याच्या सातपूरच्या नोकरीच्या, प्रत्येकी 9 किलोमीटर, एकट्यानं, स्कूटरवर. 16 ओळी आजींच्या फिजिओथेरपीच्या, 3 किलोमीटर, बरोबर सूनबाई, रिक्षानं. 10 ओळी बाजार आणि कार्यक्रमांच्या. 4 ओळी सिन्नरला गावी जाऊन येण्याच्या, 30 किलोमीटरच्या, चौघं जण आणि येताना ज्वारीचं 50 किलोचं पोतं. सहाही जण एकत्र निघाले ते फक्त एका लग्नाला, म्हणजे दोन ओळी. मागच्या पानावर सहा जणांचे तीन मोठे प्रवास निघाले, मिळून वर्षाचे सहा दिवस.

आता सात आसनांचा प्रश्न भावनेचा न राहता हिशेबाचा होतो. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल आणि तेवढं कर्ज 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं, तर त्या फरकाचाच हप्ता महिन्याला सुमारे 4,800 रुपये, वर्षाला जवळपास 58,000 रुपये होतो. समोर ठेवायचं ते सहा दिवसांचं टुरिस्ट गाडीचं भाडं. भाडं विचारताना रोजचे किमान किलोमीटर किती धरणार आणि ड्रायव्हरचा भत्ता किती, हे दोन्ही विचारून लिहून ठेवावं, कारण दर सांगताना ते मागे राहतात. शिवाय सात आसनांच्या बऱ्याच गाड्यांत तिसरी रांग उघडली की डिकी जेमतेम उरते. सहा माणसं आणि सहा माणसांचं सामान एकाच वेळी लागतं ते नेमकं त्या सहा दिवसांत. पाच आसनांच्या गाडीत सहावा कोंबणं हा उपाय नाही, त्याला पट्टा नसतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सातवा रकाना. आमच्या नाशिककर कुटुंबाच्या फेऱ्यांची बेरीज महिन्याला 624 किलोमीटर होते. पण सातपूरच्या गर्दीत नवरा स्कूटरच नेणार असेल, तर त्या 44 ओळींचे 396 किलोमीटर वजा होतात आणि गाडीसाठी उरतात 228. याचा परिणाम इंधनावर थेट होतो. सीएनजीची गाडी पेट्रोलपेक्षा 90,000 रुपयांनी महाग आहे आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात, असं धरू. 624 किलोमीटरला महिन्याला 1,248 रुपये वाचतील आणि जादा पैसे सहा वर्षांत वसूल होतील. 228 किलोमीटरला वाचतील 456 रुपये, आणि वसुलीला सोळा वर्षं लागतील. गाडी तीच, दर तेच. फरक पडला तो एका रकान्यात खरं उत्तर लिहिल्यामुळे. डिझेलचा विचार तर इथे सोडूनच द्यावा. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन काही वेळ सलग, वेगात चालावं लागतं. तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते.

आजींच्या सोळा ओळींना मात्र गाडी खरी उपयोगाची वाटते, आणि सहावा रकाना तिथेच भरायचा असतो. रिक्षा दवाखान्याच्या पायरीशी थांबते. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागत असेल, तर आजींना दारात एकट्या उतरवून सूनबाईंना पुढे जावं लागेल. हे जमणार नसेल तर त्या ओळी रिक्षाच्याच राहू द्याव्यात. जमणार असेल, तर घरातल्या ज्या खुर्चीवरून आजी हाताच्या आधाराशिवाय उठतात, तिची उंची टेपनं मोजावी आणि शोरूममध्ये जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची तिच्याशी ताडून बघावी. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर भार येतो, फार वर असेल तर चढताना. आणि मोजून झालं तरी एकदा आजींनाच नेऊन बसवावं-उठवावं.

सामानाच्या रकान्यात ‘बॅगा’ एवढंच लिहून भागत नाही, माप लागतं. 75 बाय 50 बाय 30 सेंटिमीटरची बॅग म्हणजे साधारण 112 लिटर. 300 लिटरच्या डिकीत कागदावर अडीच बॅगा बसतात, प्रत्यक्षात चाकांवरचे उंचवटे आणि दरवाज्याचा उतार आडवे येतात, म्हणून घरातली सर्वांत मोठी बॅग बरोबर न्यावी. ज्वारीच्या पोत्याला लिटरचं काहीच नसतं. तिथे डिकीचा उंबरठा किती वर आहे ते बघायचं, कारण 50 किलो त्यावरून उचलून आत टाकायचे आहेत. सीएनजीची टाकी डिकीत आडवी असेल तर पोतं मागच्या सीटवर येतं आणि सिन्नरहून येताना चौघांना जागा पुरत नाही. काही कंपन्या आता दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवतात. तळ वर आला आहे का, ते झाकण उघडून बघावं.

वही मागच्या महिन्याची असते, गाडी पुढच्या आठ-दहा वर्षांची. म्हणून ठाऊक असलेले बदल वेगळ्या शाईनं लिहावेत. थोरली पुढच्या वर्षी दहावीत, संध्याकाळी क्लास, सोडणं-आणणं रोजच्या चार ओळी, नऊनंतर रिक्षा मिळत नाही. आजींची फिजिओथेरपी तोवर संपलेली असेल. हे घातलं तर गाडीच्या ओळी पुन्हा वाढतात, पण त्या सगळ्या दोन माणसांच्या आणि शहरातल्या आहेत. या घराला लागते ती पाच आसनांची, अंगानं लहान, सीट गुडघ्याला जमणारी आणि डिकीचा उंबरठा खाली असलेली पेट्रोल गाडी. शोरूममध्ये जाताना एवढंच एका कागदावर उतरवून न्यावं, आणि विक्रेत्यानं दुसरी कुठली गाडी पुढे केली तर वहीतल्या कोणत्या ओळी तिच्यानं सोप्या होतील ते त्यालाच विचारावं.