मास्कची मऊ कड: चार गैरसमज

लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे छान आलेत आणि नेमके मावशींचे डोळे मिटलेत. लगेच काढलेल्या दुसऱ्या फ्रेममध्ये मावशी ठीक आहेत, पण नवरदेवानं मान वळवलीय. अशा वेळी दुसऱ्या फ्रेममधला मावशींचाच चेहरा पहिल्या फ्रेमवर बसवणं हे फोटोशॉपमधलं नेहमीचं काम. चेहऱ्याचा लेयर वर ठेवून त्याला मास्क लावतात. मास्कवर पांढरं असेल तिथे वरचा चेहरा दिसतो, काळं असेल तिथे खालचा फोटो आणि करडं असेल तिथे दोन्हींचं मिश्रण. हे करडं टॅब्लेटच्या पेननं कसं रंगवायचं, याबद्दल चार गैरसमज वारंवार आढळतात.

गैरसमज १: कड जितकी मऊ, तितका जोड लपतो.

वस्तुस्थिती: करड्या पट्ट्यात दोन्ही चेहरे एकाच वेळी अर्धवट दिसत असतात. गालावर किंवा कपाळावर ते खपून जातं, कारण तिथे दोन्हीकडे नुसती त्वचा असते. तोच पट्टा नथीवरून किंवा भुवईवरून गेला, तर दोन नथी एकमेकींवर पुसट उमटतात. जबड्याची रेषा मुळातच ठसठशीत असते. तिथे मऊ ब्रश फिरवला, तर दुसऱ्या फ्रेमची पार्श्वभूमी धुरकट वलयासारखी डोकावते. म्हणून गालावर ब्रशची हार्डनेस ० ठेवावी. जबडा आणि चष्म्याच्या काड्यांपाशी ती ५० टक्क्यांच्या आसपास न्यावी. मावशींचं डोकं फारसं हललेलं नसेल, तर अख्खा चेहरा घेऊच नये. भुवयांच्या वरपासून गालाच्या उंचवट्यापर्यंतचा भाग पुरतो. मग सगळा जोड साध्या त्वचेवर येतो आणि जबडा, केस, नथ मूळ फोटोतलेच राहतात.

गैरसमज २: पेनचा दाब ब्रश जाड-बारीक करण्यासाठी असतो.

वस्तुस्थिती: रेखाटनात ते उपयोगी पडतं, पण मास्क रंगवताना अडचण होते. हलका हात लावला की ब्रश बारीक होतो आणि रुंद, हलक्या छटेऐवजी अरुंद रेघ उमटते. ब्रश सेटिंग्जमधल्या शेप डायनॅमिक्समध्ये आकारावरचं दाबाचं नियंत्रण बंद करावं आणि ट्रान्सफरमध्ये ते ओपॅसिटी किंवा फ्लोवर द्यावं. आकार `[` आणि `]` या कळांनी बदलता येतो.

ओपॅसिटी आणि फ्लो यांत फरक आहे. ओपॅसिटी ३० टक्के असेल, तर पेन न उचलता कितीही घासलं तरी छटा तीसच्या पुढे जात नाही. फ्लोमध्ये त्याच फटकाऱ्यात थरावर थर चढत जातो. म्हणून ओपॅसिटी १००, फ्लो १० ते २० टक्के आणि दाब फ्लोवर, अशी मांडणी गालासाठी सोयीची पडते. चेहऱ्याच्या आतल्या बाजूला दाब वाढवायचा आणि कडेकडे येताना हात हलका करत न्यायचा.

गैरसमज ३: प्रेशर लेव्हल जास्त, तर कड जास्त मऊ.

वस्तुस्थिती: टॅब्लेटच्या खोक्यावर ८१९२ लेव्हल लिहिलेल्या असतात. पण ८ बिट फाइलमधल्या मास्कमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २५६ पायऱ्या असतात. २०४८ लेव्हलचा जुना टॅब्लेटही या कामाला कमी पडत नाही. खरा फरक पडतो तो टॅब्लेटच्या ड्रायव्हरमधल्या पेनच्या दाबाच्या सेटिंगनं. अगदी हलक्या स्पर्शालाच गडद छटा उमटत असेल, तर ते सेटिंग ‘फर्म’कडे सरकवावं. दाबाचा काहीच परिणाम होत नसेल आणि ब्रश सेटिंग्जमध्ये उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसत असेल, तर फोटोशॉपला पेनचा दाब कळत नाहीये. अशा वेळी आधी ड्रायव्हर तपासावा.

गैरसमज ४: रंग जुळला नाही तरी मऊ कड ते झाकते.

वस्तुस्थिती: कड मऊ केल्यानं रंगातला फरक जात नाही, तो रुंद पट्ट्यावर पसरतो. एका फ्रेमला फ्लॅश उडाला आणि दुसऱ्या फ्रेमला नाही, तर कपाळावर डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० टक्के करून डोळे, नाक जुळवून घ्यावेत आणि ओपॅसिटी पुन्हा १०० करावी. मग त्या लेयरपुरता क्लिप केलेला कर्व्ह्ज लावून उजेड आणि रंग जुळवावा. मास्क त्यानंतर रंगवावा. प्रकाश एका फ्रेममध्ये डावीकडून आणि दुसरीत उजवीकडून येत असेल, तर मास्क किंवा कर्व्ह्ज काहीच करू शकत नाही. तिसरी फ्रेम शोधावी.

काम झाल्यावर `Alt` दाबून मास्कच्या चौकटीवर क्लिक करा, मॅकवर `Option`. नुसता मास्क दिसेल. कमी फ्लोवर रंगवताना जो भाग पांढरा वाटला, तो बरेचदा फिका करडा राहिलेला असतो आणि तिथे मिटलेल्या पापणीची सावली डोकावते. डोळ्यांवरचा भाग शुद्ध पांढरा झाल्याची खात्री करूनच फोटो ग्राहकाकडे पाठवा.