फोटोतलं गाव कुठलं?

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला, की फोटो पनवेलजवळचा हे सांगावं लागत नाही. आसपासच्या शेतात भाताची खाचरं असतात. पण सुळकाच नसेल तर?

उसाच्या फडामागे धुराडं आणि अंगणात वाळत पसरलेलं चिपाड दिसलं, तर ते गुऱ्हाळ. रस काढून उरलेलं हे चिपाडच काहिलीखालच्या चुलवाणात जळण म्हणून जातं. असं दृश्य बहुधा कोल्हापूरकडचं. तिथल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळ्यातल्या फोटोत मात्र धूर शोधत बसू नये, तेव्हा गुऱ्हाळं सहसा बंद असतात.

प्लास्टिक अंथरलेलं चौकोनी शेततळं बहुधा कमी पावसाच्या पट्ट्यातलं. तरी २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर अशी तळी अनेक जिल्ह्यांत झाली, त्यामुळे नुसत्या तळ्यावरून जिल्हा ओळखता येत नाही.