हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सह्या करताना बँकेत एक वाक्य हमखास कानावर पडते : “शिक्षण होईपर्यंत काही भरायचं नाही.” आई-वडिलांना हायसे वाटते. वाक्य खरेच आहे, पण अर्धेच. या सवलतीच्या काळाला बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम म्हणतात. भारतातल्या बँकांच्या आदर्श योजनेत तो अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष इतका असतो. या काळात हप्ता थांबलेला असतो, व्याज मात्र पहिले पैसे कॉलेजच्या खात्यात गेले त्या दिवसापासून चालू होते.

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचे उदाहरण घेऊ. कर्ज आठ लाखांचे, दर वर्षाच्या सुरुवातीला दोन लाख उचलायचे, व्याजदर १० टक्के. मोरॅटोरियम पाच वर्षांचा. पहिल्या दोन लाखांवर पूर्ण पाच वर्षे व्याज चढते, म्हणजे एक लाख रुपये. दुसऱ्या दोन लाखांवर चार वर्षांचे ८० हजार, तिसऱ्यावर ६० हजार आणि चौथ्यावर ४० हजार. एकूण दोन लाख ८० हजार.

मोरॅटोरियम संपतो त्या दिवशी हे साठलेले व्याज मुद्दलात मिळवले जाते. आता मुद्दल आठ लाख नव्हे, दहा लाख ८० हजार. कालपर्यंत जे व्याज होते, त्यावरच आजपासून व्याज लागते. दहा वर्षांच्या फेडीसाठी महिन्याचा हप्ता साधारण १४,२७२ रुपये बसतो आणि एकूण फेड १७ लाखांच्या वर जाते.

पहिल्या हप्त्यातले नऊ हजार व्याजातच जातात, मुद्दलाला लागतात जेमतेम सव्वापाच हजार. त्यामुळे ४४ हप्ते, म्हणजे जवळजवळ पावणेचार वर्षांत सव्वासहा लाखांहून अधिक रक्कम भरल्यावर येणे बाकी आठ लाखांच्या आसपास येते. नोकरीला लागलेली मुलगी इतकी वर्षे पगारातून पैसे भरते आणि तेव्हा कुठे मुळात उचललेल्या रकमेपाशी पोहोचते. “इतके भरूनही कर्ज हलत कसे नाही?” या तिच्या प्रश्नाचे उत्तर या मिळवणीत आहे.

मोरॅटोरियममध्ये व्याज भरायला बँक मनाई करत नाही. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना १,६६७ रुपये आहे, चौथ्या वर्षी ६,६६७. सगळे व्याज वेळच्या वेळी भरले, तर हप्ता १०,५७२ वर येतो आणि भरलेले व्याज धरूनही एकूण सुमारे एक लाख ६४ हजार वाचतात. आदर्श योजनेत असे व्याज भरणाऱ्याला या काळासाठी दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूदही आहे. आपली बँक ती देते का, हे आधी विचारावे.

घरच्यांना दर महिन्याला इतके जमत नसेल, तर निदान शेवटच्या वर्षाकडे पाहावे. शिक्षण संपलेले, नोकरी लागलेली, हप्ता अजून सुरू नाही, अशा त्या वर्षाचे ८० हजार व्याज पगारातून भरत गेले, तर हप्ता १३,२१५ वर येतो आणि पुढचे सुमारे ४७ हजार वाचतात. पैसे मिळवणीच्या तारखेआधी खात्यात पडले पाहिजेत, म्हणून ती तारीख बँकेकडून लेखी घ्यावी.

आणखी एक गोष्ट तपासायची. आदर्श योजनेनुसार मोरॅटोरियममध्ये सरळव्याज लागते. पण प्रत्येक कर्ज त्या योजनेखालचे नसते. काही कर्जांत दरमहा चक्रवाढ चालते. तसे असेल तर वरचेच कर्ज पाच वर्षांनी दहा लाख ८० हजार नव्हे, ११ लाख ४० हजारांवर जाते. हे ओळखायला पहिल्या वर्षाचा खातेउतारा पुरतो. खात्यात फक्त दोन लाख असताना पहिल्या महिन्याला १,६६७ व्याज लागले आणि बाराव्या महिन्यालाही तेवढेच लागले, तर सरळव्याज. महिन्याच्या दिवसांमुळे थोडा फरक पडेल. पण दर आणि कर्ज तेच असताना आकडा वाढत वाढत १,८२६ च्या आसपास गेला असेल, तर व्याजावर व्याज चढते आहे.

व्याजदर बदलता असेल तर हे आकडेही हलतील. सरकारी व्याज अनुदानाला कुटुंब पात्र असेल तर बोजा घटेल. पण ते अनुदान मोरॅटोरियमच्या काळापुरतेच असते आणि पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा झाले का, हे उताऱ्यावर पाहावे लागते. म्हणून मंजुरीपत्रावर सही करण्याआधी बँकेला दोन प्रश्न विचारावेत : मोरॅटोरियममध्ये व्याज सरळ की चक्रवाढ, आणि हप्ता सुरू होईल त्या दिवशी मुद्दल किती असेल? दुसऱ्या उत्तराचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. मुलीला फेडायचे आहे ते त्या आकड्याचे कर्ज.