करमुक्त दुधाच्या पिशवीतला कर

दुधाच्या पिशवीवर जीएसटी नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती पिशवी ज्या प्लास्टिकच्या फिल्मपासून बनते, त्या फिल्मवर 18 टक्के कर डेअरीने आधीच भरलेला असतो. हा कर डेअरीला सरकारकडून वळता करून मिळत नाही, की ग्राहकाच्या बिलावर दिसत नाही. तो दुधाच्या किमतीत मुरतो. तूपही त्याच दुधाचं, पण तुपाच्या बरणीवर भरलेला कर मात्र डेअरीला पूर्ण वळता करून मिळतो, कारण तुपावर जीएसटी लागतो.

जीएसटीच्या साखळीचा पाया असा, की खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करायचा आणि उरलेला सरकारला द्यायचा. या वजावटीला व्यापारी ‘क्रेडिट’ म्हणतात. विक्रीवर करच नसेल तर साखळी तिथेच तुटते आणि मागचं क्रेडिट सोडावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं सतरावं कलम हे सांगतं. पण एकाच छपराखाली करमुक्त दूध आणि करपात्र तूप दोन्ही होत असेल, तर साफसफाईच्या रसायनांवरचा, सुरक्षारक्षकांच्या एजन्सीच्या बिलावरचा, बॉयलरच्या ब्रिकेटवरचा कर कोणाच्या नावे टाकायचा? डेअरीच्या लेखापालाची दर महिन्याची डोकेदुखी इथे सुरू होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मध्यम डेअरीचं उदाहरण घेऊ. डेअरी कल्पित आहे आणि हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये तिची विक्री 2 कोटी रुपये. त्यातलं 1 कोटी 20 लाखांचं पिशवीतलं दूध करमुक्त. उरलेले 80 लाख तूप, लोणी आणि पाकीटबंद पनीर यांचे, म्हणजे करपात्र. महिन्याच्या सगळ्या खरेदी बिलांवर मिळून 6 लाख रुपये कर भरलेला आहे.

लेखापाल या 6 लाखांतून आधी तीन गठ्ठे बाजूला काढतो. मालकाच्या घरच्या एसीचं बिल डेअरीच्या नावावर फाडलेलं असेल, तर त्यावरचा 10 हजारांचा कर धंद्याचा नाही. दूधपिशवीच्या फिल्मवरचा 1 लाख 20 हजारांचा कर फक्त करमुक्त मालासाठी आहे, तोही गेला. तिसरा गठ्ठा 20 हजारांचा. हा कर धंद्यासाठीच भरलेला असतो, पण सतराव्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाने त्यावरचं क्रेडिट मुळातच रोखलेलं आहे.

या रोखलेल्या यादीत नेहमी सापडणाऱ्या वस्तू ओळखीच्या आहेत. व्यवस्थापकाची मोटार घेतली, तर चालकासह तेरापर्यंत आसनं असलेल्या प्रवासी वाहनावरचं क्रेडिट मिळत नाही आणि त्याच गाडीच्या विम्यावरचं, दुरुस्तीवरचंही नाही. गाडी विकणारा, प्रवासी वाहतूक करणारा आणि वाहनचालन शिकवणारा यांना मात्र ते मिळतं, कारण त्यांचा धंदाच गाडीवर चालतो. दुधाचा टँकर मालवाहू असल्याने या बंदीत येत नाही. दिवाळीला कामगारांना फुकट वाटलेलं तूप, प्रदर्शनात नमुना म्हणून दिलेल्या बाटल्या, आगीत जळालेला माल, या सगळ्यांमागचं क्रेडिट सोडावं लागतं. कामगारांच्या जेवणावरही बंदी आहे. पण एखाद्या कायद्याने ते देणं मालकावर बंधनकारक असेल, तर क्रेडिट खुलं होतं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याप्रमाणे 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यावर उपाहारगृहाची सक्ती करता येत होती. म्हणजे दोन डेअऱ्या केटररला सारखाच कर देतील, पण एकीला क्रेडिट मिळेल आणि दुसरीला नाही.

सर्वांत महागडी बंदी इमारतीची. डेअरीने नवं शीतगृह बांधलं, तर कॉम्प्रेसरवरचं आणि त्याखालच्या पायावरचं क्रेडिट यंत्रसामग्रीचं म्हणून मिळतं. भिंती आणि छपराच्या सिमेंट-सळईवरचं मिळत नाही. भुवनेश्वरच्या एका मॉलच्या बांधकामावर भरलेल्या सुमारे 34 कोटी रुपयांच्या क्रेडिटसाठी सफारी रिट्रीट्स ही कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. गाळे भाड्याने दिले की भाड्यावर जीएसटी भरावा लागतो, मग बांधकामावरचं क्रेडिट का अडवता, हा तिचा सवाल होता. 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात न्यायालयाने कायद्यातल्या ‘प्लांट ऑर मशिनरी’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि एखादी इमारत धंद्याचं साधन, म्हणजे ‘प्लांट’, ठरू शकते का, हे तिचा वापर पाहून तपासावं असं सांगितलं. त्यानंतर 2025 च्या वित्त कायद्याने ‘ऑर’च्या जागी ‘अँड’ घातला, तोही 1 जुलै 2017 पासून लागू धरून. दार उघडण्याआधीच बंद झालं. भाड्यावर कर वसूल करायचा आणि बांधकामावरचा कर वजा करू द्यायचा नाही, यात करावर कर चढतो. कंपनीचा युक्तिवाद न्याय्य होता असंच म्हणावं लागेल.

आता हिशोबाकडे. तीन गठ्ठे मिळून दीड लाख गेले, साडेचार लाख उरले. त्यात तुपाच्या बरण्या, लोण्याचं वेष्टन आणि पनीरची पाकिटं यांवरचा दीड लाख कर फक्त करपात्र मालाचा आहे, म्हणून तो पूर्ण मिळतो. मागे राहिलेले 3 लाख सामायिक. साफसफाई, सुरक्षा, बॉयलर, लेखापरीक्षकाची फी, सगळं यातच. केंद्रीय जीएसटी नियमांतला बेचाळीसावा नियम या रकमेची वाटणी विक्रीच्या प्रमाणात करायला सांगतो:

```
D1 = (E ÷ F) × C2
   = (1,20,00,000 ÷ 2,00,00,000) × 3,00,000
   = 1,80,000
```

E म्हणजे करमुक्त विक्री, F म्हणजे त्या राज्यातली एकूण विक्री, C2 म्हणजे सामायिक कर. 60 टक्के विक्री करमुक्त, म्हणून 1 लाख 80 हजारांचं क्रेडिट सोडायचं. सामायिक खर्चाचा थोडा भाग घरगुती कामाला जात असेल, समजा डेअरीचा जनरेटर मालकाच्या बंगल्यालाही वीज देत असेल, तर C2 चे आणखी 5 टक्के सोडावे लागतात. आपल्या डेअरीत तसं नाही. म्हणून 6 लाखांपैकी हाती येतात दीड लाख अधिक 1 लाख 20 हजार, एकूण 2 लाख 70 हजार.

टँकर, पाश्चरायझर यांसारखी भांडवली यंत्रं दोन्ही मालांसाठी चालतात. त्यांच्यावरचा कर त्रेचाळीसाव्या नियमाने 60 महिन्यांत विभागतात आणि त्या त्या महिन्याच्या वाट्याला हेच प्रमाण लावतात. पिशवीतलं दूध जास्त खपतं म्हणून टँकर सरसकट करमुक्त मालाच्या खाती टाकण्याची चूक सर्रास होते. पण टँकरमधलं कच्चं दूध पुढे तूपही होतं, म्हणून तो सामायिकच.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले आणि पाकीटबंद पनीर 5 टक्क्यांवरून शून्यावर आलं. ग्राहकाला आनंद झाला. पण डेअरीचा ऑक्टोबरचा हिशोब पाहा. विक्री तेवढीच धरली, तरी 20 लाखांचं पनीर आता करमुक्त बाजूला गेलं. करमुक्त विक्री 1 कोटी 40 लाख, म्हणजे 70 टक्के झाली आणि सामायिक 3 लाखांतले 2 लाख 10 हजार सोडावे लागले. शिवाय पनीरच्या पाकिटांवरचा 30 हजारांचा कर, जो ऑगस्टमध्ये पूर्ण मिळत होता, तोही आता पूर्ण गेला. हाती उरले 2 लाख 10 हजार. धंदा तोच, विक्री तीच, पण दर महिन्याला 60 हजारांचं क्रेडिट कमी. 21 सप्टेंबरच्या रात्री गोदामात पडलेल्या पनीरच्या पाकिटांवर आधी घेतलेलं क्रेडिटही परत करावं लागलं. तेव्हा कर शून्य झाला म्हणून पनीर थेट 5 टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवं, असं धरून दुकानदाराशी वाद घालणाऱ्या ग्राहकाने ही बाजूही ध्यानात घ्यायला हवी.

काही वेळा करमुक्त विक्री अशा ठिकाणाहून येते, जिथे कोणाची नजरच जात नाही. डेअरीने पडीक भूखंड 3 कोटींना विकला असं धरू. जमीन जीएसटीच्या कक्षेत नाही, म्हणून लेखापाल ती हिशोबात घेत नाही. पण वाटणीसाठी जमिनीची विक्री करमुक्त विक्रीत धरावी लागते, तीही मुद्रांक शुल्कासाठी ठरलेल्या किमतीने. ऑगस्टमध्येच हा व्यवहार 3 कोटींच्याच मुद्रांक मूल्यावर झाला असता, तर करमुक्त विक्री 5 कोटींपैकी 4 कोटी 20 लाख झाली असती. प्रमाण 84 टक्के, आणि सोडायचं क्रेडिट 1 लाख 80 हजारांऐवजी 2 लाख 52 हजार. बँकेतल्या ठेवीवरचं व्याज मात्र या गणितात धरत नाहीत, त्याला नियमांत स्पष्ट सूट आहे.

महिन्याचं प्रमाण हे तात्पुरतंच. उन्हाळ्यात दूध कमी, थंडीत जास्त. दूध उतू जायला लागलं की जादा दुधाचं लोणी-तूप होतं आणि करपात्र विक्री वाढते. म्हणून आर्थिक वर्ष संपल्यावर बाराही महिन्यांची विक्री आणि सामायिक कर एकत्र घेऊन तेच सूत्र पुन्हा लावायचं आणि फरक पुढच्या सप्टेंबरच्या विवरणपत्रापर्यंत मिटवायचा. समजा डेअरीने दर महिन्याला मिळून 23 लाख 40 हजार सोडले आणि वार्षिक हिशोबात 24 लाख निघाले. कमी पडलेले 60 हजार भरावे लागतात आणि त्यावर 1 एप्रिलपासून भरण्याच्या दिवसापर्यंत वार्षिक 18 टक्के व्याज. 20 सप्टेंबरला भरले, तर व्याज सुमारे 5,100 रुपये. एप्रिलअखेर भरले, तर नऊशेच्या आत. उलट जास्त सोडलेलं निघालं, तर ते क्रेडिट परत घेता येतं, पण त्यावर व्याज मिळत नाही. ते घ्यायचीही मुदत सप्टेंबरचीच. मुदत उलटली तर तो पैसा डेअरीच्या हातून जातो.

बहुतेक गोंधळ महिन्याचं विवरणपत्र भरताना होतो. GSTR-3B च्या चौथ्या तक्त्यात पुरवठादारांनी दाखवलेलं क्रेडिट आपोआप उतरतं, आणि त्यात फिल्म, मोटार, घरचा एसी हे सगळं असतं. जुलै 2022 च्या परिपत्रकानुसार ते आधी पूर्ण दाखवायचं आणि मग सोडायची रक्कम 4(B)(1) मध्ये लिहायची. रोखलेलं क्रेडिट आणि दोन्ही नियमांनी सोडलेलं क्रेडिट तिथेच जातं. शेजारचा 4(B)(2) पुढे परत घेता येणाऱ्या रकमांसाठी आहे. मोटारीवरचं क्रेडिट चुकून तिथे पडलं, तर काही महिन्यांनी दुसरा कोणी लेखापाल ते परत घेण्याजोगं समजून वापरून टाकतो आणि नोटीस आली की व्याजासह भरावं लागतं. हे टाळायचं, तर बिल हाती येईल त्या दिवशीच त्यावर चारांपैकी एक शेरा मारून ठेवणं सोपं: फक्त करपात्र, फक्त करमुक्त, सामायिक, किंवा क्रेडिट नाही. कर्मचारी बदलला, तरी वर्षअखेर हिशोब त्याच शेऱ्यांवरून पुन्हा मांडता येतो.