जावक क्रमांक एक

मधली सुट्टी संपत आली होती. मी जिन्यापाशी पोचते तोच एक मुलगा आडवा आला. आमच्या शाळेचा गणवेश अंगावर नव्हता. काखेत जाड पुठ्ठ्याची लांबट वही, हातात पिवळा लखोटा.

“तुम्हीच मराठीच्या बाई ना? आजोबांनी टपाल दिलंय. सही पाहिजे.”

त्याने उघडलेली ती टपाल वही होती. ऑफिसातलं पत्र हातपोच द्यायचं असलं की शिपाई जी घेऊन जातो आणि घेणाऱ्याची सही आणतो, तीच. फक्त ही घरी बनवलेली होती. पट्टीने आखलेले रकाने : अनुक्रमांक, दिनांक, कोणास, विषय, घेणाऱ्याची सही. पहिल्याच ओळीत माझं नाव होतं आणि ते अक्षर बघताच मी ओळखलं. ‘ण’चा पाय असा खाली ओढणारा माणूस आमच्या शाळेत एकच होता. मामा.

“ठेवून जा बाळा, तास झाला की वाचते आणि सही करते.”

“वही ठेवून यायचं नाही, असं आजोबांनी सांगितलंय,” तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

माण तालुक्यातल्या आमच्या या हायस्कूलमध्ये मामा जून १९८९मध्ये लागले. सातवी पास. शाळेची किल्ली त्यांच्याकडे, पाण्याची टाकी त्यांच्याकडे, घंटा त्यांच्याकडे. घंटा म्हणजे चिंचेला तारेने टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. जितवा तास तितके ठोके. पाचव्या तासाचे पाच पडायचे तेव्हा चौथ्या आणि पाचव्या ठोक्यात थोडं जास्त अंतर असायचं. वर्गात बोलत असलेल्या शिक्षकाला वाक्य पुरं करता यावं म्हणून ते अंतर ठेवत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९६१. त्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख १ जूनच असते. पोराला शाळेत घालताना गुरुजींनी घातलेली तारीख ती. अनुदानित शाळेत आम्ही शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो, शिपाई ६०व्या. शिवाय जन्म एक तारखेचा असला की माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून मामांचा शेवटचा दिवस ३१ मे २०२१. कोरोनाचे निर्बंध होते, शाळेत पोरं नव्हती. निरोप समारंभ झाला नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा ठेवला, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते एकदा सांगितलं आणि सायकल काढली.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. ११ डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायाची पदं, असलेला माणूस निवृत्त होईल तशी संपत जातात. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो, ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. एवढ्या पैशांत सकाळी सातला येऊन टाकी भरणारा माणूस आम्हाला मिळालेला नाही. पाळीपाळीने आम्हीच कुलपं काढतो. घंटा आता विजेवर वाजते. वीज गेली की वाजत नाही.

लखोटा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, पत्र सेवापुस्तकाबद्दल असणार.

निवृत्तीच्या आधी सहा महिने पेन्शनचा प्रस्ताव महालेखापालांकडे जावा असा नियम आहे. पण आमच्याकडे लिपिकाची जागा रिकामी होती, म्हणून मुख्याध्यापकांनी मामांचा प्रस्ताव माझ्याकडे सोपवला. सेवापुस्तक मी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. पहिल्या पानावर जन्मतारीख, अंगावरच्या खुणा, बोटांचे ठसे. पुढे दर वर्षाची वेतनवाढ, रजा आणि खाली मुख्याध्यापकांची सही. नोकरीतल्या माणसाची सगळी वर्षं त्या एका पुस्तकात असतात आणि जे वर्ष तिथे लिहिलेलं नाही, ते सरकारच्या हिशोबाने झालेलंच नसतं. मामांच्या पुस्तकातली पहिली नोंद जून १९९१ची होती. आधीची दोन वर्षं नव्हती.

मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “तेव्हा मान्यता उशिरा आली होती बाई. राहू द्या. पेन्शन तर बसतीयच की.”

पेन्शन बसतच होती. पूर्ण पेन्शनला वीस वर्षांची सेवा पुरते, मामांची कितीतरी जास्त होती. फरक पडत होता तो उपदानात, म्हणजे ग्रॅच्युइटीत. पूर्ण झालेल्या दर सहा महिन्यांच्या सेवेला वेतनाचा पाव भाग, असा तो हिशोब आहे. तीस वर्षं म्हणजे साठ सहामाह्या, म्हणजे पंधरा महिन्यांचं वेतन. बत्तीस वर्षं म्हणजे चौसष्ट सहामाह्या, म्हणजे सोळा महिन्यांचं. दोन वर्षं गळाली की एका महिन्याचं वेतन गेलं. शिपायाच्या घरात ही रक्कम थोडी नसते.

आठ दिवस मी माळ्यावरचे गठ्ठे काढले. शेवटी १९८९ आणि ९०ची पगारपत्रकं सापडली, महसुली तिकिटावर मामांची आडवी सही असलेली. त्याच गठ्ठ्यात शिक्षणाधिकाऱ्यांचं मान्यतेचं पत्र होतं, जून १९८९पासून मान्यता देणारं. पत्र उशिरा आलं होतं, मान्यता उशिराची नव्हती. कुणीतरी पत्राची तारीख धरून पहिली नोंद केली आणि तीस वर्षं ती तशीच राहिली. सेवापुस्तक दर वर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. आमच्याकडे सही घेत होते, पुस्तक दाखवत नव्हते. माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. नोंद दुरुस्त झाली, प्रस्ताव गेला, पैसे मिळाले. मामांनी तेव्हा घरच्या शेंगांची पिशवी आणून दिली होती. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता.

लखोटा फोडला. फुलस्केप कागद, डावीकडे घडी घालून सोडलेला समास.

“जा. क्र. १. दिनांक १९/०७/२०२३.

प्रति, मा. सहशिक्षिका (मराठी) यांस.

विषय : आभार मानण्याबाबत.

संदर्भ : सूचना वही, मार्च २००९.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सन २००९च्या लोकसभा निवडणुकीच्या ट्रेनिंगची नोटीस मंगळवारी मी सर्व वर्गांवर फिरवली होती. ट्रेनिंग बुधवारी होते. एक सर गेले नाहीत. तहसीलमधून त्यांना नोटीस आली तेव्हा शिपायाने मला वही दाखवलीच नाही, ट्रेनिंग झाल्यावर सह्या घेतल्या, असे त्यांनी सांगितले. मला मेमो निघणार होता. बाकी सर्वांच्या सह्या होत्या, पण तारीख कोणाचीच नव्हती. आपल्या सहीपुढे मात्र मंगळवारची तारीख व ११.५० अशी वेळ होती व वर्ग नववी ब असे लिहिले होते. ते सर त्या वेळी नववी अ वर होते. मोठ्या सरांनी त्यांना बोलावून विचारले तेव्हा, तास झाल्यावर बघतो असे आपण म्हणालो होतो, हे त्यांनी कबूल केले. मेमो निघाला नाही.

हे मी आपणास त्या वेळी सांगितले नाही. नोकरीत असताना शिक्षकांतले कोणाचे कोणास सांगणे बरे नव्हे. आता मी रिटायर आहे व ते सरही रिटायर आहेत.

सेवापुस्तकाचे काम आपण केले, त्याचे आभार मी तोंडी मानलेले आहेत. ते काम आपण माझ्यासाठी केले. वेळ मात्र आपण कोणासाठी टाकत नव्हता, तरी माझ्या उपयोगी पडली. मी बत्तीस वर्षे वही फिरवली. वही हातात घेऊन आधी घड्याळ बघणाऱ्या आपण एकट्या. त्यामुळे मलाही वाटे की आपण वेळेवर आलो आहोत हे कोणीतरी बघते आहे.

सदर वही लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आहे. डांबराच्या गोळ्या बदलाव्यात.

तरी सदर आभार स्वीकारावेत व पोच द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू.”

आयुष्यभर ज्या नमुन्याची पत्रं इकडून तिकडे नेली, त्याच नमुन्यात मामांनी आपलं पहिलं पत्र लिहिलं होतं आणि त्याला एक नंबर दिला होता.

माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सहीशेजारी वेळ टाकल्याशिवाय त्यांचा हात कागदावरून उठत नसे. ती सवय माझ्या हाताला त्यांच्याकडून लागली. तिच्याकडे कुणाचं लक्ष असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण दुसरी एक गोष्ट आठवली. त्याच सुमाराला सूचना वहीत ‘दिनांक व वेळ’ असा नवा रकाना आला होता. वरून काही आदेश आला असेल असं समजून मी त्यात लिहीत राहिले.

मुलाला घेऊनच ऑफिसात गेले. खालचा खण अडकत होता, त्याने जोर लावून ओढला. गोळ्यांचा वास जवळजवळ उडालेला. वह्या सालवार बांधलेल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर ‘ण’चा पाय खाली ओढलेली ती पाटी. २००९ची सोडली. ट्रेनिंगच्या नोटिशीखाली एकवीस नावं, वीस सह्या. चौदाव्या नावापुढे माझी सही, तारीख, ११.५०, ९ब. शाई निळ्याची करडी झाली होती. पंधराव्या नावापुढची जागा रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत बोटाचा एक पुसट मळकट ठसा उमटला होता. सही इथे करा, म्हणून दाखवताना टेकलेलं बोट.

मी गठ्ठा परत बांधला. मुलगा अजून टपाल वही उघडी धरून उभा होता. मी घड्याळ पाहिलं, मग सही केली. त्याने वही आपल्याकडे वळवून सहीपुढचे आकडे मनात वाचले.

“आजोबा म्हणाले होते, त्या वेळ टाकतील. आपण सांगायचं नाही.”

वही काखेत मारून तो जिना उतरला. सहाव्या तासाची घंटा मघाशीच होऊन गेली होती.