उजेडाला पाठ करून बसलेले आजोबा

कोकणातल्या घराची पडवी, भर दुपार. आजोबा कठड्याला टेकून बसलेत. त्यांच्यामागे उन्हात तळपणारं खळं आणि त्यापलीकडे मोकळं आकाश. नातीने जुन्या मोबाइलवर फोटो काढला. माडाच्या झावळ्या, तुळशीवृंदावन, दोरीवरचे कपडे सगळं स्वच्छ आलं. आजोबांचा चेहरा मात्र इतका काळा आला, की चष्म्याची काडी तेवढी ओळखू यावी. स्टुडिओवाले अशा फोटोला ‘बॅकलाइट आहे, चेहरा अंडर आलाय’ एवढंच म्हणतात. पण आजोबांचा तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल, तर काय करता येतं?

आधी हे झालं कसं ते पाहू. कॅमेरा समोरच्या दृश्यातल्या एकूण उजेडाचा अंदाज घेतो आणि त्याची सरासरी मध्यम राखाडी यावी इतकाच उजेड आत घेतो. या फोटोत निम्म्याहून जास्त जागा आकाशाने आणि उन्हाने व्यापलेली. ती फार उजळ दिसू नये म्हणून कॅमेऱ्याने हात आखडता घेतला, आणि सावलीत बसलेल्या आजोबांच्या वाट्याला त्याहूनही कमी उजेड आला. नवे फोन पटापट अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात, म्हणून त्यांच्यात हा प्रकार कमी होतो. बंद मात्र झालेला नाही.

आता काळेपणा मोजायचा. संगणकावरच्या जीआयएमपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडून कलर पिकरने गालावर टिचकी मारली, तर आकडे दिसतात. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढरा. आजोबांचा गाल ४० च्या आसपास आहे, डोळ्यांच्या खोबणीत २०, कपाळावर ६०. नीट आलेल्या फोटोत असा गाल ११५ ते १३० च्या घरात असता. छायाचित्रणाच्या भाषेत हा जवळजवळ तीन स्टॉपचा तोटा आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणजे चेहऱ्याला हवा त्याच्या आठवा हिस्साच उजेड मिळाला.

तोटा एवढा असूनही आशा आहे, कारण २० ते ६० च्या दरम्यान सुरकुत्या, ओठ, पापण्या सगळं नोंदलेलं आहे. कपाळ आणि डोळे दोन्ही ० ते ५ वर आले असते, तर उजळायला तिथे काहीच नव्हतं. खात्री करायची सोपी रीत म्हणजे फोटोच्या प्रतीवर उजळपणा वाटेल तसा वाढवून पाहणे. पापणीची कड आणि ओठांची रेघ दिसली, तर काम करण्यात अर्थ आहे. नुसते जांभळे-हिरवे ठिपके आणि चौकोनी ठोकळे दिसले, तर वेळ घालवू नये.

हे ठोकळे बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत सापडतात. फोटो पाठवताना तो दाबून लहान केला जातो, आणि अंधाऱ्या भागातले बारकावे त्यात सर्वांत आधी जातात. म्हणून काम सुरू करण्याआधी नातीकडून मूळ फाइल मागवावी. ती व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. कॅमेऱ्यात फोटो रॉ स्वरूपात काढला असेल, तर प्रश्नच मिटला. जेपेगमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. तीन स्टॉप उचलणं रॉला फारसं जड जात नाही.

इथवर आलं, की बहुतेक जण एकच चूक करतात: अख्खा फोटो उजळवतात. मग आकाश पांढरंफटक होतं, झावळ्या धुऊन निघतात, आणि सगळ्यावर राखाडी धुकं पसरतं. उजळायचा आहे फक्त माणूस.

त्यासाठी जीआयएमपीमध्ये फोटोच्या थराची एक प्रत करायची (Duplicate Layer) आणि त्या वरच्या प्रतीवर Colors मधलं Exposure उघडायचं. तिथला आकडा स्टॉपमध्येच असतो. तोटा तीन स्टॉपचा असला, तरी मी दोनच्या वर जात नाही. दोन स्टॉपने गाल ४० वरून ८० च्या थोडा वर येतो. हे कमी वाटेल, पण माणूस सावलीत बसलाय आणि ऊन मागे आहे, हे पाहणाऱ्याला दिसतच असतं. चेहराही उन्हाइतका उजळ केला, की आजोबा फोटोत कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

मग या उजळ थराला काळा मास्क लावायचा (Add Layer Mask, त्यात Black). उजळलेलं सगळं दिसेनासं होतं. आता मऊ कडेचा मोठा ब्रश घ्यायचा, त्याची ओपॅसिटी ३० टक्के ठेवायची आणि मास्कवर पांढऱ्या रंगाने चेहऱ्याभोवती हात फिरवायचा. जिथे पांढरं लागेल तिथे वरचा उजळ थर दिसू लागतो. कपाळ आणि गाल भरपूर, मान त्याहून थोडी कमी. हात विसरायचे नाहीत. चेहरा उजळ आणि मांडीवरचे हात कोळशासारखे असे फोटो मी स्टुडिओच्या काचेतही पाहिलेत. केसांच्या कडेशी ब्रश घसरला, तर डोक्याभोवती देवासारखं तेजोवलय उमटतं. तसं झालं की काळ्या रंगाने तेवढी कड पुसायची आणि मास्कवर थोडा Gaussian Blur द्यायचा. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत तीस-चाळीस पिक्सेल पुरतो. या सगळ्यात मास्कचं चित्र निवडलंय की थराचं, हे बघत राहावं. ब्रश थरावर चालला, तर आजोबांच्या तोंडाला चुना फासला जातो.

चेहरा दिसू लागला, की रंगाची गडबड उघडी पडते. सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड येतो तो आकाशाचा, म्हणून कातडी निळसर आणि आजारी दिसते. Color Temperature ने फक्त वरच्या थराला किंचित ऊब द्यावी. अंगातला सदरा पांढरा असेल, तर तो पिवळा पडायच्या आत थांबावं.

शेवटचा त्रास दाण्यांचा. उजेड आठपट कमी मिळाला, की खऱ्या चित्राच्या तुलनेत खरखर जवळजवळ तिपटीने वाढते, आणि उजळल्यावर ती डोळ्यांत खुपते. Noise Reduction ची मात्रा १ किंवा २ ठेवावी. त्यापुढे सुरकुत्याही पुसल्या जातात आणि ऐंशीचे आजोबा मेणाचे होतात. थोडे दाणे राहिले तर राहू द्यावेत. ४ बाय ६ इंचाच्या छपाईला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो तेवढा लहान करताना शेजारचे चार-पाच ठिपके एकात मिसळतात आणि खरखर आपोआप निम्म्यावर येते. तोच फोटो १२ बाय १८ चा हवा असेल, तर ही सोय मिळत नाही, म्हणून फार अंडर आलेला फोटो लहानच छापावा.

पांढरंफटक झालेलं आकाश परत आणायचा प्रयत्न मात्र करू नये. सेन्सर भरून गेला, की तिथे काही नोंदलेलंच नसतं, आणि जबरदस्तीने ओढलं तर मळकट राखाडी रंग उरतो.

लॅबमध्ये देण्यापूर्वी स्क्रीनचा उजेड निम्मा करून फोटो एकदा पाहावा, कारण कागदावर तो स्क्रीनपेक्षा काळाच येतो. मोठी फ्रेम सांगण्याआधी ४ बाय ६ ची एक प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात बघावी, आणि चेहरा अजून दबलेला वाटला, तर अर्धा स्टॉप तेव्हा वाढवावा.